पॅनच्या फोटोवर चमक: काय वाचायचं, काय परत मागायचं

प्रश्न: पुण्यातल्या एका पतसंस्थेत केवायसी बघते. पॅन कार्डच्या फोटोत लॅमिनेशनच्या चमकेने दोन-तीन अक्षरं जातात. दर वेळी सगळं परत मागवायचं का?

सगळं कशाला? अख्खा अर्ज परत धाडणारे आणि 'दिसतंय की साधारण' म्हणून भरून टाकणारे, दोघांशीही माझं कधी जमलं नाही.

आधी पांढरा डाग की रंगीत, ते बघा. ट्यूबलाइटची चमक पडते तिथे लाल, हिरवा, निळा तिन्ही 255 ला टेकतात, म्हणजे कॅमेऱ्याने खालचं काही टिपलेलंच नसतं. उजेड कमी केल्यावर डाग नुसता करडा झाला तर तो सोडा. होलोग्रामची झळाळी रंगीत असते. GIMP मध्ये Colors > Components > Decompose करून तिन्ही रंग वेगळे काढा. हिरव्या झळाळीखाली गेलेलं अक्षर लाल किंवा निळ्यात बऱ्याचदा सापडतं.

समजा एवढं करूनही ABC__12_4F असंच राहिलं आणि नाव देशमुख आहे. चौथं अक्षर खातेदाराचा प्रकार सांगतं, व्यक्तीसाठी P. पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर, म्हणजे D. हे दोन्ही ताडून बघता येतात. आठव्या जागी मात्र 0 ते 9 काहीही असू शकतं, आणि तो आकडा नावावरून काढायची सोय नाही. मागायचा तो हाच.

'फोटो नीट पाठवा' असं लिहिलंत तर त्याच टेबलावरून, त्याच ट्यूबखालून तोच डाग परत येईल. त्यापेक्षा असं लिहा: "ताई, पॅन नंबरावर उजेड पडलाय. पूर्ण नंबर टाइप करून पाठवा. फ्लॅश आणि वरचा दिवा बंद करून, खिडकीचा उजेड बाजूने येईल असं कार्ड ठेवा आणि त्या ओळीचे दोन फोटो काढा, दुसऱ्या वेळी कार्ड थोडं तिरकं करून. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा." कार्ड तिरकं केलं की डाग सरकतो, त्यामुळे एकात झाकलेलं दुसऱ्यात दिसतं. तुम्हाला वाटणारा आकडा त्यांना सांगू नका, लोक 'हो' म्हणून मोकळे होतात.

जन्मतारीख झाकली असेल तर ती आधारवरून उचलू नका. दोन्हीकडची जुळते का, तेच तर तपासायचं असतं.

हो, आणि ते पाचवं अक्षर. लग्नानंतर पॅनवर नाव बदललं तरी नंबर तोच राहतो. कार्डावर आता देशमुख असेल, पण पाचवं अक्षर माहेरच्या कुलकर्णींचं K असू शकतं. म्हणून ते ताडण्यापुरतंच वापरा, भरायला नाही. टाइप करून आलेल्या नंबरात D ऐवजी K दिसला, तर चूक म्हणून परत पाठवण्याआधी पूर्वीचं आडनाव विचारा.