WPS चं बटण दाबूनही प्रिंटर जोडला जात नसेल तर

अरे, ते बटण दहा वेळा दाबून काही होणार नाही. एकदा दाबलं की राउटर फक्त 2 मिनिटं वाट बघतो, तेवढ्यात प्रिंटरवरचंही दाबायचं, आणि तू तसं करूनही लाईट नुसता लुकलुकून बंद होत असेल तर राउटरची सेटिंग बघ. सिक्युरिटी नुसती WPA3 ठेवली असेल किंवा नेटवर्कचं नाव लपवलेलं असेल तर WPS चालतच नाही, बटण मात्र असतं तिथंच, शोभेला!

त्यापेक्षा सरळ पासवर्ड टाक. प्रिंटरच्या मेनूत वायरलेस सेटअप असतं, तिथं आपलं नेटवर्क निवड, आणि यादीत ते दिसतच नसेल तर बहुतेक प्रिंटर फक्त 2.4 GHz वाला आहे, मग राउटरवर तो बँड चालू कर. पासवर्ड छोट्या स्क्रीनवर बाणांनी टाकताना कॅपिटल-स्मॉल नीट बघ, माझा एकदा शून्य आणि O मध्ये अर्धा तास गेला होता. नेटवर्क दिसतंय, पासवर्डही बरोबर आहे, तरी जोडत नाही? मग WPA3 च्या जागी WPA2/WPA3 मिक्स मोड करून बघ, जुन्या प्रिंटरला WPA3 कळत नाही.