तो झोपल्यावर हळूच उठून जाऊ नका

*"दत्तक घेतलेला मुलगा दीड वर्षाचा आहे, घरी येऊन तीन आठवडे झाले. झोपला की मी हळूच उठते, पण तासाभरात किंचाळत उठतो. एकटं झोपायची सवय कशी लावू? सासूबाई म्हणतात, रडू दे, आपोआप झोपेल."*

सवयीचं सध्या बाजूला ठेवा आणि रडत तर मुळीच सोडू नका. या वयात सगळीच मुलं रात्रीत अनेकदा अर्धवट जागी होतात. डोळा लागताना जवळ असलेलं माणूस तेव्हा तिथेच दिसलं की पुन्हा झोपतात. तुमच्या लेकराच्या आयुष्यातून माणसं एकदा खरोखरच नाहीशी झाली आहेत, त्यामुळे रिकामी जागा दिसली की तो घाबरणारच.

आमची मुलगी आली तेव्हा एकोणीस महिन्यांची होती. आम्ही हौसेने शांत, अंधारी खोली तयार ठेवली होती. ती रडायची नाही. रात्री दोनला बघावं तर डोळे टक्क उघडे, मुठीत चादर घट्ट धरलेली. शेवटी शिशुगृहातल्या मावशींना फोन केला. तिथे रात्रभर ट्यूबलाइट, पंख्याचा आवाज, शेजारी इतर मुलांचे पाळणे. आमच्या घरातली शांतताच तिला परकी होती! मग झिरोचा बल्ब आणि पंखा चालू ठेवला, तिकडून आलेला फ्रॉक न धुता उशाशी ठेवला. रोज पावणेआठला कोमट पाण्याने अंग पुसणं, मऊ भात, तीच सोलापुरी चादर, तेच एक गाणं. पहिले काही आठवडे हे सगळं मी एकटीच करायचे. नातेवाईक रात्री भेटायला आले तरी क्रम मोडला नाही.

घोळ झाला तो पाण्यामुळे. आमच्याकडे तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, तेही कधी पहाटे तीनला. मी गुपचूप उठून गेले, ती जागी झाली, आणि पुढचे चार दिवस तिने माझा पदर सोडला नाही. तेव्हापासून झोपेतच तिला हलवून सांगायचे, "आई पाणी भरायला चाललीय, बाबा इथे आहे, आई येतेय." आल्यावर, "आई आली." दिवसा स्वयंपाकघरात जातानाही हीच वाक्यं. दिवसा खूपदा खरी ठरली, तेव्हा कुठे रात्री चालली.

साधारण दीड महिन्याने ती रात्री पहिल्यांदा मोठ्याने रडली. घरचे म्हणाले, आता बिघडली. मला मात्र भरून आलं. रडलं की कोणीतरी येतं, हे तिला पटलं होतं. सासूबाईंना एवढं समजावून सांगा. वेगळी गादी आम्ही पुढे बऱ्याच महिन्यांनी घातली, तीही हाताच्या अंतरावर.

झोपेत घोरत असेल, श्वास अडकत असेल किंवा पाय सारखे झाडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लोह कमी असलं तरीही झोप अशी मोडते. आणि दत्तकानंतर घरी पाहणीला येणाऱ्या ताईंपासून रात्रीचे हाल लपवू नका, शिशुगृहातली त्याची जुनी दिनचर्या त्याच मिळवून देऊ शकतील.