‘मगफिरत’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : बाबांच्या तेरवीला एक छोटी स्मरणपत्रिका छापत आहोत. गाव वाशीम जिल्ह्यातले. बाबांचे कापसाच्या व्यापारातले जुने भागीदार, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, यांनी फोनवर असा संदेश पाठवला : “भाई के इंतकाल की खबर सुनकर दिल बैठ गया. अल्लाह मरहूम की मगफिरत फरमाए, उन्हें जन्नत में आला मकाम दे और आप सब को सब्र-ए-जमील अता करे. तीन दिन के अंदर हाजिर न हो सका, इसकी शर्मिंदगी है.” शब्दकोशात मगफिरत म्हणजे क्षमा असे दिले आहे. तसे लिहिले तर आत्या चिडली : “माह्या भावानं कोनाचं घोडं मारलं होतं, त्याले माफी कायची?” नेमके काय लिहावे?

उत्तर : तुमच्या आत्यांचा राग अस्थानी नाही, आणि शब्दकोशही खोटा नाही. माझ्या हातून हीच चूक पूर्वी घडलेली आहे. बुलढाणा जिल्ह्यातील एका गावी निवृत्त शिक्षकांच्या शोकसभेत त्यांच्या एका मुसलमान सहकाऱ्याचा संदेश वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी तो जागच्या जागी मराठीत करताना “परमेश्वर त्यांच्या पापांची क्षमा करो” असे म्हणून गेलो. मांडवात एकदम शांतता पसरली. पाठवणारे गृहस्थ पहिल्याच रांगेत बसलेले होते. त्यांनी मान खाली घातली ती सभा संपेपर्यंत वर केली नाही. त्यांनी लिहिलेल्या शब्दांत पाप हा शब्द कोठेही नव्हता, तो मी माझ्या पदरचा घातला होता.

मगफिरत हा शब्द अरबीतील ‘ग-फ-र’ या धातूपासून आलेला आहे आणि त्या धातूचा मूळ अर्थ झाकणे असा आहे. शिरस्त्राणाखाली डोके व मान झाकणारी जी साखळ्यांची टोपी योद्धे घालीत, तिला याच धातूवरून ‘मिगफर’ म्हणत. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी गफूर आणि गफ्फार ही नावेही याच घरची आहेत. म्हणजे मगफिरतमध्ये क्षमा आहे खरी, परंतु ती गुन्हा सिद्ध करून मग सोडून देणाऱ्या न्यायाधीशाची क्षमा नसून आपल्या माणसाचे उणे झाकून त्याला जवळ घेणाऱ्याची क्षमा आहे. शिवाय जनाज्याच्या नमाजमध्ये म्हटली जाणारी जी प्रसिद्ध दुआ आहे, तिच्यात मगफिरत मागितली जाते ती ‘आमच्यातील जिवंतांसाठी आणि आमच्यातील मृतांसाठी’ अशी, एकाच वाक्यात. मागणारा स्वतःही त्या रांगेत उभा असतो, त्यामुळे ऐकणाऱ्या कुटुंबाला त्यात बोट दाखवल्यासारखे वाटत नाही.

आत्यांना पटवायचे झाल्यास आपल्याच रूढ वाक्याकडे पाहावे. “मृतात्म्यास शांती लाभो” असे आपण जेव्हा लिहितो, तेव्हा तो आत्मा तळमळत भटकत आहे असा आरोप आपण करीत नसतो. परंतु ज्याला आपला दहावा, पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणे आणि तेरवी ठाऊक नाही, त्याने ते वाक्य शब्दशः वाचले तर त्याला नेमके तसेच वाटू शकेल. प्रत्येक समाजाच्या शोकवाक्यात मृत्यूनंतर काय होते याची एक समजूत गृहीत धरलेली असते; आतल्या माणसाला ती दिसत नाही आणि बाहेरच्याला तीच आधी दिसते.

मग “ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो” हे तयार वाक्य घालून मोकळे का होऊ नये, असे छापखान्यातील मुलगा तुम्हाला नक्की सुचवील, कारण त्याच्या संगणकावर ते आधीच टाइप केलेले असते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. अनेक मुसलमान मंडळी मगफिरतची दुआ आपल्या धर्माच्या माणसासाठीच राखून ठेवतात आणि इतरांच्या घरी “अल्लाह आप सब को सब्र दे” एवढ्यावर थांबतात. त्यात कोरडेपणा नसतो, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग असतो. चाचांनी मात्र तुमच्या बाबांना आधी भाई म्हटले, मग मरहूम म्हटले आणि त्यांच्यासाठी मगफिरत मागितली, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या भावासाठी ज्या शब्दांत मागितले असते त्याच शब्दांत मागितले. या संदेशातला सगळा जिव्हाळा त्या निवडीत आहे. त्या जागी छापील शांती घातली, तर चाचांनी पाठवलेली ओळ पत्रिकेतून निघून जाते आणि सहकारी सोसायटीच्या शोकठरावातले वाक्य उरते.

मराठीत जवळचा शब्द शोधू गेले, तर धातूच्या अर्थाने ‘पांघरूण घालणे’ अगदी चपखल बसते, पण तो वाक्प्रचार आपण घोटाळा दडपण्यासाठी राबवून राबवून नासवला आहे. दुसरा आहे ‘पोटात घालणे’. कार्य आटोपल्यावर पाहुण्यांना निरोप देताना “काही चुकलंमाकलं असंल तं पोटात घाला” असे आपण सगळेच म्हणतो, आणि खरोखर काही चुकले होते असे कोणी समजत नाही. मगफिरतचा सूर मराठीत सगळ्यात जवळून येथे ऐकू येतो. अडचण एवढीच आहे की हे वाक्य माणूस स्वतःबद्दल बोलतो, दुसऱ्याबद्दल बोलला की त्याचा नूर बदलतो. म्हणून छापण्यासाठी मी ‘पदरात घेणे’ हा तिसरा प्रयोग निवडीन. त्यात झाकणे आहे, जवळ घेणे आहे, गुणदोषांसकट स्वीकारणे आहे, आणि दोषांचा उच्चार मात्र नाही. “अल्ला त्यांना आपल्या पदरात घेवो” हे वाक्य आत्यांना खुपणार नाही आणि चाचांचे मागणेही त्यात बुडणार नाही.

येथे ‘अल्ला’चे ‘ईश्वर’ करू नये. बोलणारा माणूस कोण आहे हे त्या एका शब्दाने कळते, आणि आपल्या खेड्यांत तो शब्द कोणाला परका नाही. मात्र तो ठेवला की पुढचे क्रियापद जपावे लागते. “अल्लाच्या चरणी विलीन झाले” असे मी एका पत्रिकेत वाचले आहे. ज्या देवाची मूर्ती कल्पिली जात नाही त्याला चरण देणे आणि ज्या श्रद्धेत बंदा हा बंदाच राहतो तेथे त्याला विलीन करणे, अशा दोन चुका त्या चार शब्दांत मावल्या होत्या. ‘पदरात’ हा शब्द गोठलेला वाक्प्रचार म्हणून चालतो असे माझे मत आहे, परंतु पदर शब्दशः ऐकून चाचांना संकोच वाटला, तर ‘कृपेच्या छायेत घेवो’ असे करावे. त्यांना फोन लावून मराठी ओळी वाचून दाखवाव्यात. हयात माणसाचा शोकसंदेश त्याला न विचारता बदलून छापणे बरे नव्हे.

मरहूम या शब्दात बरेच जण ‘मर’ ऐकतात आणि त्याचा अर्थ ‘मेलेला’ असा लावतात. तो रहीम आणि रहमत यांच्या घरचा आहे. ज्यावर दया झाली तो मरहूम. मराठीत त्याच्या जागी कै. किंवा वै. घालू नये, कारण चाचा तुमच्या बाबांना कैलासात किंवा वैकुंठात पाठवीत नाहीत. पत्रिकेच्या मथळ्यावर तुम्ही तुमच्या परंपरेप्रमाणे जे लिहायचे ते लिहा, चाचांच्या ओळींत मात्र ‘माझ्या भावाला’ एवढे पुरे. जन्नत तशीच ठेवावी. आपल्या स्वर्गातून पुण्य संपल्यावर परतावे लागते, जन्नतमधून परतणे नाही.

सब्र-ए-जमील हे कुराणातील शब्दांवरून आलेले आहे. यूसुफच्या कथेत मुलगा गमावल्याची बातमी ऐकून याकूब हे शब्द उच्चारतात, आणि त्याचा रूढ अर्थ लोकांपुढे तक्रार न करता धरलेला धीर असा सांगितला जातो. सब्रपासून मराठीत ‘सबुरी’ आलेली असली, तरी ती येथे अजिबात चालणार नाही, कारण “जरा सबुरीनं घ्या” हे आपण उतावळ्या माणसाला म्हणतो. याउलट “दुःख सोसण्याचे बळ देवो” हे आपले घासून गुळगुळीत झालेले वाक्य येथे खरोखर अर्थाला धरून आहे, तेव्हा तयार वाक्यांचा सरसकट तिटकाराही करू नये.

सगळ्यात फसवी ओळ शेवटची आहे, कारण तिच्यात अवघड शब्द एकही नाही. मुसलमान घरांत शोक तीन दिवसांचा मानला जातो (पतीच्या निधनानंतर पत्नीसाठी चार महिने दहा दिवस) आणि सांत्वनाला शक्यतो त्या तीन दिवसांतच जातात. त्यानंतर जाणे म्हणजे दुःखावरची खपली काढणे, असे समजले जाते. आपल्याकडे तेरवीपर्यंत माणसे भेटायला येतच असतात. “तीन दिवसांत येऊ शकलो नाही” असे छापले, तर तिसऱ्या दिवशी राख सावडायला हजर नव्हते याबद्दल हे बोलत आहेत, असा वाचणाऱ्याचा समज होईल, किंवा अकराव्या दिवशी आले तरी चालणाऱ्या गावात हा माणूस एवढा ओशाळला का, हे कळणार नाही. त्यांची खंत उशिराची आहे, दिवसांच्या संख्येची नाही, म्हणून संख्या गाळून खंत ठेवावी.

‘दिल बैठ गया’साठी ‘काळजात धस्स झाले’ सुचते, परंतु धस्स होणे हे दचकणे आहे आणि दिल बैठणे हे खचणे आहे. सगळे मिळून मी असे लिहीन :

“भाऊ गेल्याचे ऐकले आणि मन खचले. अल्ला माझ्या भावाला आपल्या पदरात घेवो, जन्नतमध्ये त्याला मानाची जागा देवो आणि तुम्हा सर्वांना हे दुःख मुकाट सोसण्याचे बळ देवो. वेळेवर तुमच्या दारी येता आले नाही, याची मला लाज वाटते.”

‘मुकाट’ हा शब्द मी जमीलसाठी घातला आहे. तो आत्यांना कठोर वाटला तर खुशाल काढावा, वाक्य त्याच्याविना उभे राहते. ‘लाज’चे ‘दिलगिरी’ मात्र करू नये. दिलगिरी कचेरीच्या पत्रात असते, आणि चाचांनी शर्मिंदगी लिहिली आहे. पत्रिकेत जागा असेल तर त्यांच्या मूळ ओळी वर बारीक अक्षरात देवनागरीत छापाव्यात आणि त्यांखाली मराठी द्यावी. तुमच्याच गावातील ज्या वाचकांना ती बोली कळते, त्यांना मगफिरत हा शब्द तेथे पाहूनच चाचांनी तुमच्या बाबांना काय मानले होते ते कळेल.

हाच संदेश गावातील बौद्ध कुटुंबासाठी असता, तर माझी मराठी ओळ आणखी वेगळी झाली असती. तेथे आत्मा, सद्गती आणि श्रद्धांजली हे तिन्ही शब्द टाळून ‘आदरांजली’ म्हणतात आणि तेरवीऐवजी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. 1956 साली नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान करणार नाही अशी एक आहे. तेव्हा छापखान्यातील तयार मजकूर त्या वस्तीत नेताना तर मराठीतून मराठीतच भाषांतर करावे लागते.