मेंटेनन्स थकवणाऱ्या सभासदाकडून वसुली: आधी खातेउतारा दुरुस्त करा

प्रश्न: नागपुरात आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे. एक फ्लॅटमालक दीड वर्षापासून मेंटेनन्स देत नाही, म्हणतो छत गळतं. पाणी बंद करावं का? पैसे कसे वसूल करायचे?

पाणी बंद करू नका. मूलभूत सोय तोडली की तक्रार तुमच्यावरच होते आणि थकबाकी बाजूला राहते.

आधी नोंदणी बघा. नागपुरात बऱ्याच इमारती सोसायटी नसून 'डीड ऑफ अपार्टमेंट'वरच्या असतात, आणि बोलताना सगळ्यांनाच सोसायटी म्हणतात. मी सांगतोय तो मार्ग फक्त सहकारी गृहनिर्माण संस्थेचा आहे: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम १५४ब-२९, म्हणजे उपनिबंधकांकडून वसुली दाखला.

मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत मी चार वर्षं सचिव होतो. आमचा पहिला अर्ज परत आला, आणि चूक आमचीच होती. महिन्याला २,००० रुपये, १८ महिने थकले, मुद्दल ३६,०००. वार्षिक २१ टक्क्यांच्या सरळ व्याजाने १८ वं बिल निघालं त्या दिवशी व्याज ५,३५५ रुपये होत होतं. आमच्या हिशेबनिसाने दरमहा व्याज मुद्दलात मिळवत नेलं आणि ५,८८९ लावलं. फरक फक्त ५३४ रुपयांचा, पण समोरच्या माणसाने तेवढाच धरला आणि अख्खा हिशेबच खोटा म्हणाला. आदर्श उपविधीत व्याज सरळ आहे, चक्रवाढ नाही, आणि २१ टक्के ही कमाल मर्यादा आहे. तुमच्या सर्वसाधारण सभेने किती दर ठरवला तो ठराव काढून बघा. सेवाशुल्क प्रत्येक फ्लॅटला समान लावलंय की चौरस फुटावर, हेही तपासा. चौरस फुटावर लावलं असेल तर तिथेही अडकाल.

उतारा दुरुस्त केला की महिनावार थकबाकी दाखवून रजिस्टर्ड पोस्टाने मागणीची नोटीस द्या आणि पोचपावती जपून ठेवा. वसुलीचा अर्ज करण्याचा समितीचा ठराव घ्या. मग उतारा, बिलं, नोटिसा आणि ठराव जोडून अर्ज करा. सुनावणीत त्याचं म्हणणं ऐकलं जाईलच.

गळतीचं म्हणाल तर ती तक्रार खरी असू शकते. ती लेखी घ्या, गच्चीची पाहणी करा, दुरुस्ती करा. आमच्याकडे तर पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग केल्यावर भांडणातली अर्धी धग गेली. पण गळती आहे म्हणून मेंटेनन्स थांबवता येत नाही, हे त्याला नोटिशीतच स्पष्ट लिहा.

दाखला मिळाल्यावरही पैसे आले नाहीत तर नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी आधी मागणी नोटीस देतो, मग जप्ती. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर त्याला आधी वसुलीच्या रकमेची निम्मी सोसायटीकडे भरावी लागते. आमच्या सभासदाने हे कळल्यावर सगळी रक्कम दोन चेकने भरली.