आरोग्य तपासणीच्या सूचनेत ‘गोपनीय’ लिहिण्याआधी रिपोर्टचा रस्ता ठरवा

*प्रश्न: आमच्या कंपनीत यंदा पहिल्यांदाच वार्षिक आरोग्य तपासणी ठेवलीय. ‘सहभाग ऐच्छिक आहे, रिपोर्ट गोपनीय राहतील’ असं सूचनेत स्पष्ट लिहिलं, तरी नावं फार कमी आली. काही जण सरळ विचारतात की रिपोर्ट एचआरकडे येणार ना? सूचना नीट कशी लिहावी?*

लोकांची शंका रास्त आहे. तुमच्या दोन्ही वाक्यांत वचन आहे, पण ते पाळलं कसं जाणार हे नाही. रिपोर्ट लॅबमधून निघाल्यावर कुणाच्या हातातून जातो हे आधी ठरवा. ते पक्कं झालं की सूचना लिहायला फार वेळ लागत नाही. मी बरीच वर्षं अशा तपासण्यांचं समन्वयाचं काम केलंय. माहिती कुणी मुद्दाम फोडल्याचं क्वचितच पाहिलं. ती फुटते ती बिलातून, पासवर्डातून आणि एकत्रित अहवालातून.

बिलापासून सुरुवात करू. लॅब बिल पाठवते, लेखा विभाग म्हणतो की कुणाकुणाची तपासणी झाली त्याची यादी जोडा, नाहीतर बिल पास होणार नाही. मागणी चुकीची नाही, पण यादी जोडली की कोण आलं आणि कोण आलं नाही हे कंपनीला कळतं. मग ‘ऐच्छिक’ला अर्थ उरत नाही, कारण न आलेल्यांची यादीही आपोआप तयार होते. एखाद्याने नाकारलं तर त्याचं काहीतरी लपवण्यासारखं असेल असा तर्क लगेच सुरू होतो. म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याला बंद पाकिटात एक कूपन द्या. त्यावर फक्त क्रमांक हवा, आणि कोणता क्रमांक कुणाला गेला याची नोंद ठेवू नका. नावनोंदणी थेट लॅबकडे होईल, बिलावर वापरलेल्या कूपनांचे क्रमांक येतील, लेखा विभाग तेवढे मोजून पैसे देईल. अडचण एकच: कुणाचं कूपन हरवलं तर जुनं रद्द करता येत नाही, नवीन द्यावं लागतं. एवढं सोसायला हरकत नाही.

याच कारणासाठी आठवणीचा निरोप पाठवायचा तर तो सगळ्यांना पाठवा, फक्त राहिलेल्यांना नको. विभागप्रमुखांना आकडे देऊ नका आणि ‘शंभर टक्के सहभाग’ असल्या स्पर्धा लावू नका. साहेब स्वतः येऊन ‘तुझी तपासणी झाली का?’ विचारतात तेव्हा नाही म्हणणं कुणालाही जड जातं.

आता रिपोर्ट. बऱ्याच ठिकाणी तो ऑफिसच्या ईमेलवर पीडीएफ म्हणून येतो आणि त्याला पासवर्ड असतो जन्मतारीख किंवा कर्मचारी क्रमांक. या दोन्ही गोष्टी एचआरच्या फाइलमध्ये असतातच. शिवाय ऑफिसचा मेलबॉक्स कंपनीच्या मालकीचा, आयटीतल्या माणसाला तो उघडता येतो. असं कुलूप असून नसल्यासारखं. रिपोर्ट व्यक्तीने स्वतः दिलेल्या खासगी मोबाइलवर किंवा ईमेलवर जावा, पासवर्ड तिने नोंदणीच्या वेळी स्वतः ठरवलेला असावा, आणि ज्याला कागदच हवा त्याला तो लॅबमधून ओळख दाखवून घेता यावा. छापील रिपोर्टांचा गठ्ठा ऑफिसात येऊन टेबलावर वाटला जाणं तर कटाक्षाने टाळा. पाकीट चिकटवलेलं असलं तरी कुणाचं जाड आणि कुणाचं पातळ हे लोक बघतात.

‘साखर किती आली एवढं साहेबांना कळलं तर बिघडलं काय?’ असं कुणी विचारलं तर त्याला हे सांगा. लॅबची ‘सामान्य मर्यादा’ बहुधा अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी सुमारे ९५ टक्के तिच्या आत येतात. म्हणजे प्रत्येक चाचणीत पाच टक्के निरोगी माणसंही बाहेर पडतात. एका पॅकेजमध्ये २० चाचण्या असतील आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे नेमका आकडा वेगळा येईल, पण अंदाज येतो. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली तरी लक्षणं नसतील तर डॉक्टर दुसरी तपासणी करूनच मधुमेहाचं निदान पक्कं करतात. डॉक्टरांच्या हातात तो आकडा पुढच्या तपासणीची सुरुवात असतो. बढतीचा निर्णय घेणाऱ्याच्या मनात मात्र तो शिक्का होऊन बसतो.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते एकत्रित अहवालाकडे. कंपनी म्हणते, ‘आम्हाला नावं नकोत, फक्त आकडे द्या.’ हे निर्धोक वाटतं, पण लहान कंपनीत नसतं. एक हिशेब करून पाहू. समजा ५८ जणांनी तपासणी केली: उत्पादनात ३१, विक्रीत २०, लेखा विभागात ७. अहवालात विभागवार आणि स्त्री-पुरुष अशी फोड आहे. लेखा विभागाच्या ओळीत दिसतं: महिला २, त्यांत साखर वाढलेली १. त्या दोघींपैकी जिची साखर नीट आहे तिला दुसरीचं क्षणात कळलं. बाकीच्यांना दोन नावांतून एक ओळखायचं आहे, आणि रोज शेजारी बसणाऱ्यांना ते अवघड जात नाही.

बरं, म्हणून लेखा विभागाची ओळ झाकली. पण वर एकूण लिहिलंय, साखर वाढलेले १२. उत्पादनात ७, विक्रीत ४. वजाबाकी केली की झाकलेल्या ओळीत १ उरतो. पुढच्या वर्षीही हाच घोळ होतो. यंदा त्या विभागात रक्तदाब वाढलेले तीन होते, मध्ये एकाने नोकरी सोडली, बाकी तेच लोक पुन्हा आले आणि आकडा दोनवर आला, की गेलेल्या माणसाबद्दल तर्क करायला साहित्य मिळालं.

म्हणून लॅबशी करारातच लिहून घ्या: दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा आकडा दिला जाणार नाही, आणि एक गट झाकला तर वजाबाकीने तो निघणार नाही अशा रीतीने दुसराही झाकला जाईल किंवा गट एकत्र केले जातील. दहा हा काही निसर्गनियम नाही, काही ठिकाणी पाच धरतात, काही ठिकाणी जास्त. तुमच्याएवढ्या नव्या उपक्रमाला मी विभागवार फोड मुळीच मागणार नाही. संपूर्ण कंपनीचे तीन-चार आकडे पुरेत: रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन. तेवढ्यावर पुढच्या वर्षी काय करायचं हे ठरवता येतं. आणि एकूण सहभागीच मोजके निघाले, तर त्या वर्षी एकत्रित अहवाल घेऊच नका.

एक परिस्थिती मात्र आधी ठरवून ठेवावी लागते. तपासणीत एखाद्याचा रक्तदाब १८०/१२० च्या वर निघाला किंवा रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीवर आढळलं, तर रिपोर्टची वाट पाहता येत नाही. अशा वेळी लॅबच्या डॉक्टरांनी थेट त्या व्यक्तीला फोन करायचा. ती सापडली नाही तर तिनेच संमतीपत्रात दिलेल्या घरच्या माणसाला. एचआरला मध्ये घेण्याची गरज नसते, आणि ‘तातडीचं होतं म्हणून कळवलं’ हे पुढे जाऊन फार सैल कारण बनतं.

संमतीपत्राचंही तसंच. तपासणीची संमती आणि माहिती कुणाला देण्याची संमती यासाठी वेगवेगळ्या सह्या घ्या. चाचण्यांची पूर्ण यादी त्यावर छापा. एचआयव्ही, गर्भधारणा किंवा जनुकीय चाचणी यादीत गुपचूप येता कामा नये. क्ष-किरण तपासणी असेल तर गर्भधारणेबद्दलचा प्रश्न तंत्रज्ञाने आत, एकांतात विचारायचा, नोंदणीच्या फॉर्मवर नाही.

तुमच्याकडे गोंगाटाच्या किंवा रसायनांच्या कामावर असणाऱ्यांची वेगळी सक्तीची तपासणी होत असेल, तर ती या सूचनेत मिसळू नका. तिथे डॉक्टर नियोक्त्याला सहसा ‘कामासाठी योग्य’, ‘काही बंधनांसह योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढंच कळवतात. दोन्ही एका कागदावर आल्या की लोकांना ऐच्छिक तपासणीही सक्तीची वाटते.

हे सगळं ठरलं की सूचना अशी लिहिता येईल. तुमच्याकडे जे खरंच ठरलं असेल तेवढंच ठेवा, बाकी काढून टाका:

> सर्व सहकाऱ्यांसाठी कंपनीच्या खर्चाने वार्षिक आरोग्य तपासणी ठेवली आहे. तपासणी कामाच्या वेळेत करता येईल आणि तो वेळ हजेरीत धरला जाईल.
>
> यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. कारण सांगावं लागणार नाही. काही चाचण्या करून काही वगळता येतील. कोण आलं आणि कोण आलं नाही याची नोंद कंपनी ठेवणार नाही, आणि पगार, बढती, रजा किंवा कामाच्या वाटपाशी या तपासणीचा संबंध नाही.
>
> सोबतचं कूपन वापरून नोंदणी थेट लॅबकडे करा. रिपोर्ट तुम्ही दिलेल्या खासगी मोबाइलवर किंवा ईमेलवर येईल. पासवर्ड तुम्ही ठरवाल. कंपनीतील कोणालाही, एचआर आणि व्यवस्थापकांसह, रिपोर्ट मिळणार नाही.
>
> कंपनीला संपूर्ण कंपनीचे फक्त चार एकत्रित आकडे मिळतील. विभाग, वय किंवा लिंग यांनुसार फोड मिळणार नाही. तातडीची बाब आढळल्यास लॅबचे डॉक्टर थेट तुम्हाला फोन करतील; तुम्ही सापडला नाहीत तरच तुम्ही संमतीपत्रात दिलेल्या घरच्या माणसाला.
>
> लॅब तुमची माहिती किती काळ ठेवेल आणि जाहिरातीसाठी ती वापरणार नाही, हे संमतीपत्रात लिहिलं आहे. सही करण्याआधी ते घरी नेऊन वाचू शकता.

यातलं ‘एचआर आणि व्यवस्थापकांसह’ काढू नका. लोक नेमकं तेच विचारतायत. आणि सूचना लावण्याआधी लॅबच्या माणसाला एक प्रश्न विचारा: ‘आमच्या एचआरने फोन करून एखाद्याचा रिपोर्ट मागितला तर तुम्ही काय कराल?’ तो ‘देऊ की’ म्हणाला, तर लेखी करार होईपर्यंत ही सूचना लावू नका.