खांदा दुरुस्त करताना मुंढा अख्खा सरकवा, गळ्याला हात लावू नका

प्रश्न: माझे खांदे उतरते आहेत आणि थोडे रुंदही. पॅटर्नवर खांद्याचं टोक खाली घेतलं की काखेत काचतं आणि बाही नीट बसत नाही. एक साईज मोठं कापलं तर गळा पसरतो. गळा आणि मुंढा न बिघडवता खांदा कसा दुरुस्त करायचा?

उत्तर:

टोक खाली घेतलंत ते बरोबरच होतं. फक्त ते एकटं खाली आलं आणि काख होती तिथेच राहिली. त्यामुळे मुंढा वरून दाबला गेला, लहान झाला आणि बाही मात्र जुन्याच मापाची उरली. मोठ्या साईजचं म्हणाल तर साईज वाढते तेव्हा खांद्याबरोबर गळ्याची रुंदीही वाढते. तुमची मान काही जाड झालेली नाही, म्हणून गळा पसरतो. तेव्हा गळ्याला बसतं आहे त्याच साईजचा पॅटर्न घ्या आणि गळा-खांदा मिळतात तो बिंदू कागदावर खिळा ठोकल्यासारखा पक्का धरा. जे काही हलवायचं ते मुंढ्याच्या बाजूला.

कागदाला हात लावण्याआधी मांजरपाटाचा किंवा कुठल्याही टाकाऊ सुती कापडाचा नमुना शिवा. बाह्या नकोत, खांदे आणि बाजू लांब टाक्यांनी शिवल्या की पुरे. हा वेळ वाचवू नका. उतरता खांदा आणि रुंद खांदा कपड्यावर अगदी वेगळ्या खुणा दाखवतात, आणि आरशात शरीराकडे बघून त्या कळत नाहीत, कापडाकडे बघूनच कळतात. खांदा उतरता असेल तर गळ्यापासून काखेकडे तिरक्या चुण्या पडतात आणि मुंढ्याजवळ कापड झोळ खाऊन लोंबतं. खांदा रुंद असेल तर मुंढ्याची शिवण हाडाच्या अलीकडे, गळ्याच्या बाजूला चढते आणि छातीच्या वरच्या भागात व पाठीवर कापड आडवं ताणलं जातं. दोन्ही असेल तर वर ताण आणि खाली झोळ एकदम दिसतात. त्यामुळे माणूस गोंधळतो आणि कपडा एकाच वेळी सैल आणि घट्ट कसा, असा प्रश्न पडतो.

आधी रुंदी ठरवा, उतार नंतर. उतार खांद्याच्या टोकापाशी मोजायचा असतो, आणि टोकच चुकीच्या जागी असेल तर ते माप कशाचं? टोक शोधायला हात बाजूला खांद्याच्या रेषेपर्यंत उचला. खांद्याच्या सांध्यावर एक लहानशी खळी पडते, तिथे पेनाने खूण करा आणि हात खाली घ्या. शिवणीपासून या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे खांदा जितका कमी पडतो ते.

आता नमुन्याच्या खांद्याच्या शिवणीवर टोकाजवळ चिमटीत कापड धरा. तिरक्या चुण्या नाहीशा होईपर्यंतच धरायचं, त्याहून जास्त नाही. तिथे टाचणी लावा. टाचणी गळ्याकडे जाताना शिवणीच्या जवळ जवळ येत गेली पाहिजे आणि गळ्यापाशी काहीच धरलेलं नको. टोकाशी शिवणीपासून टाचणीपर्यंत मोजा. समजा १.२ सेंमी आलं, तर तेवढं पुढच्या भागातून आणि तेवढंच मागच्या भागातून कमी करायचं. चिमटीत कापड दुहेरी असतं, म्हणून पुष्कळजण २.४ सेंमी हा आकडा घेऊन तो दोन्ही भागांवर लावतात आणि खांदा दुप्पट उतरवून बसतात. दोन्ही खांदे वेगवेगळे मोजा, एक दुसऱ्याहून खाली असणं फार सर्रास आहे. फरक अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त असेल तर मी डावा-उजवा वेगळा कापते.

माझ्या भाचीच्या टॉपचं उदाहरण देते, कारण तिला तुमच्यासारखंच दोन्ही होतं. पॅटर्नचा खांदा १२ सेंमी, तिला हवा होता १३, आणि चिमटीत आले १.२ सेंमी. मुंढा शिवणीच्या रेषेवर पुढे २१.५ आणि मागे २२.५, म्हणजे एकूण ४४ सेंमी होता. बाहीचा वरचा गोल ४६.५. बाही मुंढ्याहून अडीच सेंमी जास्त, आणि ते अडीच सेंमी चुण्या न पडता मुरत होते. हे आकडे मी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवते, कारण काम झाल्यावर जुळवायला तेच लागतात. सगळी मापं शिवणीच्या रेषेवर घ्यायची. माया धरून मोजलं तर गोलाईत हमखास फसतं.

रुंदी अशी वाढवली. खांद्याच्या मध्यापासून खाली आणि मग बाहेर वळत मुंढ्याच्या साधारण मध्यापर्यंत एक रेष काढली. त्या रेषेवर खांद्याकडून कापत गेले आणि मुंढ्याच्या काठाशी एक-दोन मिलिमीटर कागद तसाच ठेवला, बिजागरीसारखा. मग बाहेरचा तुकडा त्या बिजागरीवर बाहेर फिरवला, टोक १ सेंमी बाहेर येईपर्यंत. फटीखाली कागद चिकटवला. खांद्याची रेष आता मधे तुटलेली दिसते. ती तशीच सोडून गळ्याच्या बिंदूपासून नव्या टोकापर्यंत पट्टीने सरळ रेष मारली. मागच्या भागालाही हेच केलं. यात मुंढ्याची लांबी बदलत नाही, काख हलत नाही, छातीचा घेर वाढत नाही, आणि छातीच्या वरच्या भागात हवं तेवढं कापड मिळतं. नुसतं टोक पेन्सिलीने बाहेर ओढलं असतं तर मुंढ्याला वर चोच आली असती आणि छातीवरचा ताण तसाच राहिला असता.

उतारासाठी मुंढ्याभोवती एक पेटी काढली. टोकापासून ४ सेंमी आत एक उभी रेष, काखेच्या २ सेंमी खालपर्यंत, आणि तिथून बाजूच्या शिवणीपर्यंत आडवी रेष. बाजूला छातीचा टक असेल तर आडवी रेष त्याच्या वरच ठेवा. ही पेटी कापून सुटी केली आणि सरळ खाली १.२ सेंमी सरकवली, तिरकी होऊ न देता. टोक आणि काख दोन्ही सारखीच खाली आली. मुंढ्याचा आकार तोच, लांबी तीच, म्हणून बाहीला हात लावावा लागला नाही. टोक एकटंच उतरवलं असतं तर मुंढा ४१.६ वर आला असता आणि बाही जवळपास ५ सेंमी जास्त झाली असती. तुमची बाही बसत नाही ती याच हिशेबाने.

मग पुन्हा गळ्याच्या बिंदूपासून टोकापर्यंत सरळ रेष. पेटीच्या उभ्या कडेपाशी थोडी जागा रिकामी दिसते, तिथे कागदाची पट्टी जोडावी लागते. बाजूच्या शिवणीवर एखाद-दोन मिलिमीटरची पायरी पडली तर ती रेषेत घ्या. आता खांदा मोजा. माझ्या कागदावर तो १३.४ आला, कारण रेष जास्त तिरकी झाली की लांब होते. वरचे ४ मिलिमीटर टोकाशी आत घेतले आणि मुंढ्याची रेष थोड्या अंतरात जुन्या रेषेला मिळवली. मागचा खांदा पुढच्याहून मुळात किंचित लांब ठेवलेला असेल तर तो फरक तसाच राहू द्या, पाठीच्या फऱ्यासाठी तो लागतो.

यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात, आणि गळा बिघडतो तो इथेच. पुढचा आणि मागचा कागद खांद्याच्या शिवणीवर एकमेकांना लावून टेबलावर पसरा आणि गळ्याची अख्खी गोलाई एका नजरेत बघा. खांदा जास्त उतरता केला की गळ्यापाशी दोन्ही भागांचा कोन लहान होतो, म्हणून जोडावर गळ्याच्या आत डोकावणारं एक बारीक टोक येतं. मुंढ्याकडे नेमकं उलटं होतं, तिथे जोडावर छोटी खाच पडते. दोन्ही एक-दोन मिलिमीटरचंच काम असतं, पण शिवल्यावर गळपट्टी त्या टोकावर उभी राहते आणि बाहीच्या माथ्यावर खळगा दिसतो. गळ्याचं टोक छाटून रेष दोन-तीन सेंटीमीटरमध्ये अलगद मिळवा, मुंढ्याची खाच कागद लावून भरा. मग गळा मोजा. कॉलर किंवा पट्टी लावायची असेल तर ती या नव्या मापाने कापा.

शेवटी मुंढा पुन्हा मोजला: ४३.८. बाही ४६.५, फरक २.७. सुती कापडात एवढा मुरतो.

ही रीत कुठे चालत नाही तेही सांगते. उतरत्या खांद्याच्या बहुतेकांची काखही त्या प्रमाणात खाली असते, म्हणून अख्खा मुंढा सरकवणं जमतं. पण काही जणांचं फक्त टोक उतरतं असतं आणि काख उंचच असते. दुसऱ्या नमुन्याला एक बाही लावून हात वर करा. सगळा कपडा कमरेपासून वर ओढला गेला तर काख जास्त खाली गेली समजा. अशा वेळी काख अर्धीच उतरवा किंवा मुळीच उतरवू नका, आणि मुंढा जितका लहान झाला तितका बाहीचा गोल कमी करा. त्यासाठी बाहीच्या माथ्यावरून थोडी उंची कमी करून गोलाई पुन्हा काढायची आणि फरक आधीसारखा अडीच सेंमीच्या आसपास येतो का ते मोजायचं. हाताची हालचाल त्याने मोकळी होते, फक्त हात खाली सोडल्यावर बाहीला काखेजवळ एखादी जास्तीची घडी दिसते. ती घडी मी राहू देते.