कार्ड कोरं, पण पाकीट?

"माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने आजोबांना वाढदिवसाचं कार्ड पोस्टाने पाठवलं. आत एक अक्षर नाही, स्वतःचं नावसुद्धा नाही. सासरे फार दुखावलेत. आजी जाऊन सात महिने झाले, तेव्हाही हा रडला नव्हता. याला काही वाटतच नाही का?"

"मूल रडलं नाही", "मूल लगेच खेळायला गेलं", "आजीचं नावच काढत नाही" अशी वाक्यं घेऊन आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी वर्षभर येत असतात. प्रत्येक घरी कोरं कार्ड नसतं, एवढाच फरक. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून ही हकिगत सांगते.

आईने कार्ड आणलं होतं. मी पाकीट मागितलं. ते आजोबांकडे होतं, पुढच्या भेटीला आलं. कार्ड सगळ्यांनी उलटसुलट करून पाहिलं होतं, पाकिटाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

पत्ता मुलाच्याच हातचा होता. आजोबांचं पूर्ण नाव, वाडी, मुक्काम, पोस्ट, तालुका, सहा आकडी पिनकोड. ऱ्हस्व-दीर्घाची एकच चूक. शाळेची वही शेजारी ठेवून पाहिली, अक्षर तेच, ओळी सरळ. हे ताडून बघावंच लागतं, कारण काही मुलं लिहायलाच टाळत असतात. अक्षरांची अदलाबदल, गाळलेल्या मात्रा, अर्धवट ओळी वहीभर दिसल्या, तर प्रश्न शोकाचा नसून लेखनाचा असू शकतो आणि त्याची तपासणी वेगळी. इथे तसं काही नव्हतं. तिकिटं पाच-पाचची दोन होती. साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये लागतात आणि जाड कार्ड त्याच्या वर जातं. म्हणजे हा पोरगा पोस्टात गेला होता, काउंटरवर वजन करून घेतलं होतं. ज्याला काही वाटत नाही तो एवढा उपद्व्याप करत नाही, हे मला तिथेच कळून चुकलं होतं.

मुलाशी बोलताना "का नाही लिहिलंस?" हा प्रश्न मी विचारत नाही. 'का' आला की मुलाला आरोप ऐकू येतो, आणि उत्तर मिळतं "असंच" किंवा "माहीत नाही". त्यापेक्षा कृती विचारावी. कार्ड कुठून घेतलं, कुणाबरोबर गेलास, आधी काय केलंस, मग काय? शेजारच्या ताईबरोबर गेला होता. दुकानात आत छापील मजकूर नसलेलं कार्ड मुद्दाम शोधलं होतं, कारण "छापलेलं आजोबांना आवडत नाही, ते म्हणतात आपलं आपण लिहावं." म्हणजे लिहायचं ठरलेलं होतं.

तिसऱ्या भेटीत मी तसंच कोरं कार्ड समोर ठेवलं.

"लिहू नकोस. फक्त दाखव, पेन कुठे थांबलं?"

त्याने वरचा डावा कोपरा दाखवला.

"तिथे काय येतं?"

"नाव. दरवर्षी मी 'प्रिय आजीआजोबा' लिहितो. वाढदिवस कुणाचाही असला तरी."

मी गप्प राहिले. त्याने पेनाचं टोपण तीनचारदा काढलं, लावलं.

"आजी लिहिलं तर आजोबा रडणार. बाबांनी सांगितलंय, त्यांच्यापुढे आजीचं नाव काढायचं नाही. आणि नुसतं 'प्रिय आजोबा' लिहिलं तर आजीला वाटेल, मी तिला खोडलं."

मोठ्या माणसाला या पेचातून सुटायला एखादा गुळगुळीत मजकूर सापडला असता. नऊ वर्षांच्या मुलाला दोन्ही वाटा बंद दिसल्या आणि त्याने तिसरी काढली: कार्ड पाठवायचं, लिहायचं नाही. माझ्या मते त्या घरातलं सगळ्यांत प्रामाणिक पत्र तेच होतं.

मग बाकीचं उलगडलं. आजी गेली तेव्हा त्याला मामाकडे पाठवलं होतं, थेट तेराव्याला आणलं. तोवर आजीची खाट हलवली होती, फोटोला हार होता. "आजी देवाघरी गेली" एवढंच कानावर पडलं. या वयाच्या मुलाला मरण म्हणजे परत न येणं हे कळतं. कळत नसतं ते हे, की घरात त्याविषयी बोलायची परवानगी आहे की नाही. ते मूल मोठ्यांच्या तोंडाकडे बघून ठरवतं. शिवाय मुलं दुःखात सलग राहत नाहीत. पावसातल्या डबक्यासारखं असतं: पाय घालतात, बाहेर येतात, खेळतात, पुन्हा घालतात. खेळणं दिसतं, डबकं दिसत नाही.

शोक आवरून, गेलेल्याशी नातं संपवून पुढे जायचं, ही जुनी समजूत माझ्या क्षेत्रात १९९० च्या दशकापासून मागे पडत गेली. नातं तुटत नाही, त्याची जागा बदलते, हे मी मानते. त्यामुळे मुलाकडून माफीचं पत्र लिहून घ्यायला मी साफ नकार दिला. फोन हातात देऊन "म्हण, हॅपी बर्थडे आजोबा" हेही नको म्हटलं.

काम मोठ्यांपासून सुरू केलं. आधी वडिलांनी आजोबांना फोन करून विचारायचं, आजीचं नाव निघालेलं चालेल ना? आजोबा म्हणाले, "मी कधी नको म्हटलं?" बंदी आजोबांनी घातलीच नव्हती, प्रत्येकाने दुसऱ्याची काळजी म्हणून गृहीत धरली होती. मग वडिलांनी मुलाला स्वतः सांगायचं: "नाव काढू नकोस म्हणालो, ते माझं चुकलं. आजोबा रडले तर रडू दे. ते तुझ्यामुळे रडत नाहीत, आजीची आठवण येते म्हणून रडतात." शेवटचं वाक्य गाळू नये. ते नसेल तर मूल रडण्याचा दोष स्वतःकडे घेतं.

पहिला प्रयत्न फसला. वडिलांनी रविवारी समोर बसवून "चल, आता आजीबद्दल बोलू" म्हटलं. मुलगा दोन मिनिटांत सायकल घेऊन पसार. मुलं समोरासमोर बसून बोलत नाहीत, हात कामात असले की बोलतात. मटार सोलताना, गाडीत मागच्या सीटवरून, अंथरुणं घालताना. आणि सुरुवात प्रश्नाने करू नये. "आजी मटार सोलताना निम्मे खायची" एवढं म्हणून सोडून द्यावं. पुढच्या आठवड्यात मटारावरच बोलणं निघालं. ओट्यावर बसून आजीला पिठल्यासाठी चमचा-वाटी द्यायचं काम याचं असायचं, हे आईलाही नवीन होतं.

यातलं सगळं घरीच होतं असं मात्र नाही. पोटदुखी, झोप उडणं, शाळेला नकार हे आठवडेच्या आठवडे टिकलं, तर भेट घ्यावी. "मला आजीकडे जायचंय" असं मूल म्हणालं, तर थांबू नये; त्याला तेव्हाच सरळ विचारावं, म्हणजे मरायचं का, आणि बालमनोविकारतज्ज्ञांकडे न्यावं. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही.

आजोबांना मी एकच सुचवलं होतं: कार्डाला उत्तर द्या, पण कोरं का, हे विचारू नका. त्यांनी तेच कार्ड परत पाठवलं. वर "प्रिय" एवढंच लिहून पुढची जागा मोकळी सोडली होती, आणि खाली दोन ओळी: "कुळथाच्या पिठल्यात तुझी आजी आमसूल कधी घालायची रे? माझं रोज बिघडतंय."

मुलाने ते दप्तरात दोन दिवस फिरवलं. मग मोकळ्या जागेत "आजीआजोबा" लिहिलं, आणि खाली उत्तर: "उकळी आल्यावर. तीन. मीच द्यायचो."